अकरा म्हणजे अकरा

अगं, तुझ्या खणाच्या पर्स आता लोक नावाजायला लागलेत. शिवण स्वच्छ आहे, रंग तू नेमके निवडतेस, ऑर्डरीही रोज येतायत. म्हणून आज शिवणाविषयी काही बोलणार नाही. मला बोलायचंय ते दुपारी तीननंतरच्या तुझ्या धांदलीविषयी. पिकअपवाला दारात उभा असतो, तू एका हाताने टेप लावत असतेस, दुसऱ्या हाताने फोनवर नुकतीच आलेली ऑर्डर बघत असतेस आणि त्याला म्हणतेस, "दादा, दोनच मिनिटं." तो थांबतो, घड्याळ बघतो आणि निघून जातो. मागे तीन-चार पार्सलं राहतात आणि ज्यांना तू 'आज निघेल' असं कळवलेलं असतं त्यांची समजूत काढण्यात तुझी रात्र जाते.

त्या मुलावर रागावू नकोस. त्याला तुझ्यासारख्या कितीतरी घरांतून पार्सलं उचलून ठरल्या वेळी हबवर पोचायचं असतं. तिथे ती गावागावांप्रमाणे वेगळी होतात आणि रात्रीच्या गाडीत चढतात. ती गाडी चुकलेलं पार्सल दुसऱ्या दिवसाच्या गाडीची वाट बघतं. म्हणजे तुझ्याकडचा दहा मिनिटांचा उशीर ग्राहकाकडे पोचेपर्यंत अख्ख्या दिवसाचा होतो. कुरिअरवाल्यांचा कटऑफ ठरलेला आहे आणि तो तुझ्यासाठी हलणार नाही. मग तुझाही एक कटऑफ हवा आणि तो त्यांच्या वेळेवरून उलट मोजून काढायला हवा.

उलट मोजायचं कसं, ते तुझ्याच दिवसावर करून बघू. ॲपवर पिकअपची वेळ तीन ते सहा दिसते. तेवढ्यावर विसंबू नकोस. तो खरोखर किती वाजता येतो, हे आठवडा-दोन आठवडे वहीत लिहून ठेव. कधी साडेतीन, कधी पाच, एखाद्या दिवशी तीनच्या ठोक्याला, असं काहीतरी दिसेल. त्यातली सरासरी धरायची नाही, सगळ्यात लवकरची वेळ धरायची. सरासरी धरलीस तर जवळजवळ निम्मे दिवस तो तुझ्याआधी येऊन उभा राहील. तर आपण तीन धरू.

आता एक पार्सल बांधायला खरंच किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून मोज. पर्स हातात घेणं, चेन उघडून-बंद करून बघणं, अस्तराचे दोरे कापणं, बटर पेपरमध्ये गुंडाळणं, आभाराचं कार्ड ठेवणं, पिशवीत सरकवणं, लेबल लावणं, तोंड चिकटवणं. तू म्हणशील दोन मिनिटं, पण लागोपाठची पाच पार्सलं मोजलीस तर प्रत्येकी सहाच्या आसपास निघतील. नेहमीच्या दिवसांतल्या गर्दीच्या दिवशी तुझी चौदा पार्सलं होतात. चौदा सक चौऱ्याऐंशी, म्हणजे जवळजवळ दीड तास. यादी काढणं, लेबलं छापणं आणि कपाटातून पर्स काढणं याला अर्धा तास. मधे धाकटा शाळेतून येतो, त्याचं जेवण आणि तुझं जेवण याला एक तास. आणि सगळं बांधून झाल्यावर मोजणी करायला अर्धा तास हातात ठेवायचा.

तीनमधून मोजणीचा अर्धा तास गेला की अडीच. त्यातून बांधणीचा दीड तास गेला की एक. जेवणाचा तास गेला की बारा. यादी-लेबलांचा अर्धा तास गेला की साडेअकरा. आणि सांगलीत वीज कधी जाईल, प्रिंटर कधी कागद गिळेल, याचा नेम नाही, म्हणून आणखी अर्धा तास मागे. तुझा कटऑफ झाला सकाळी अकरा. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, तुझ्याच कामाच्या वेळांची बेरीज आहे. म्हणूनच तो पाळायचा. उद्या पिकअपची वेळ बदलली किंवा धाकट्याची शाळा दुपारची झाली, तर हीच बेरीज पुन्हा करायची.

आता कटऑफ कशाचा, हेही पक्कं ठरव. 'अकराच्या आत ऑर्डर' म्हणजे अकराच्या आत आलेला 'ताई, ही निळी ठेवा हं' असा मेसेज नव्हे. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरच्या ऑर्डरीत तीन गोष्टी हाती आल्या की ती ऑर्डर पक्की: पैसे जमा झाले, पिनकोडसकट पूर्ण पत्ता आला आणि चालू असलेला फोन नंबर आला. यातलं एक जरी राहिलं असेल तर ती ऑर्डर अजून यादीत नाही. तुझा दुपारचा निम्मा वेळ या अर्धवट ऑर्डरींमागे जातो. लेबल करायला बसतेस आणि मग कळतं की पिनकोड नाही, मग मेसेज, मग उत्तराची वाट, आणि तोवर बाकीची दहा तशीच पडून.

ग्राहकांना हे आधीच सांगून टाक. प्रोफाइलवर आणि व्हॉट्सॲपच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात दोनच वाक्यं ठेव: 'सकाळी ११ पर्यंत पैसे आणि पूर्ण पत्ता मिळालेल्या ऑर्डर त्याच दिवशी कुरिअरकडे सोपवल्या जातात. त्यानंतरच्या ऑर्डर पुढच्या कामाच्या दिवशी निघतात.' यातला 'सोपवल्या जातात' हा शब्द बदलू नकोस. तुझ्या हातात सोपवणं आहे, पोचणं नाही. 'आज पाठवते, परवा मिळेल' असं लिहून मोकळी झालीस तर कुरिअरचा उशीरही तुझ्याच खात्यावर चढतो.

मार्केटप्लेसवरच्या ऑर्डरींचं गणित थोडं निराळं. तिथे प्रत्येक ऑर्डरीसमोर कधीपर्यंत पाठवायची, ती तारीख दिसते आणि ती त्यांनी ठरवलेली असते. तुझा अकराचा कटऑफ त्या तारखेच्या आत बसतो की नाही, ते बघायचं. बसत नसेल तर सेटिंगमध्ये तयारीला लागणारा वेळ एक दिवसाने वाढवून घे. एक दिवस जास्त दाखवला म्हणून एखादी ऑर्डर हुकेल, मान्य आहे. पण वेळेत न पाठवलेल्या ऑर्डरी जास्त महाग पडतात. उदाहरण सांगते. स्वतः पाठवणाऱ्या विक्रेत्याचा उशिरा पाठवण्याचा दर ४ टक्क्यांच्या आत हवा, अशी ॲमेझॉनची अपेक्षा असते. मोठ्या दुकानदाराच्या हजार ऑर्डरींत दहा उशिरा गेल्या तर तो एक टक्का होतो. तुझ्या पंचवीस ऑर्डरींत एकच उशिरा गेली की चार टक्के झाले. लहान विक्रेत्याला एकेक पार्सल असं भारी पडतं.

नाव भरतकाम करून द्यायच्या पर्स या रोजच्या यादीत मिसळू नकोस. त्यांची वेगळी नोंद ठेव आणि त्यांना तीन-चार दिवसांची मुदत सांग. भरतकाम होऊन दोरे कापून झाले की ती पर्स 'तयार' खणात जाईल आणि दुसऱ्या दिवशीच्या अकराच्या यादीत येईल. ऑर्डर कधी आली यापेक्षा माल कधी तयार झाला, यावर यादी ठरते. तयार नसलेल्या पर्सचं लेबल आधीच काढून ठेवायचं नाही. काही ठिकाणी लेबल काढलं की पाठवायला तयार अशी नोंद होते, पिकअप लागतं आणि मुलगा आल्यावर त्याला द्यायला पार्सल नसतं. मग 'विक्रेता तयार नव्हता' असा शेरा तुझ्या नावावर लागतो आणि तो खराच असतो.

आता अकरानंतर काय करायचं ते क्रमाने सांगते. अकरा वाजले की सगळीकडच्या ऑर्डरी एका यादीत उतरव आणि खाली रेघ मार. पाठवायची तारीख ज्यांची आधीची, त्या वर. रेघेखाली आज काही जाणार नाही. एसटी जशी वेळ झाली की स्टँड सोडते आणि मागून धावत आलेल्याला पुढच्या गाडीने जावं लागतं, तसंच हे. सव्वाअकराला आलेली ऑर्डर उद्याच्या पानावर जाते, मग ती मावशीच्या मैत्रिणीची का असेना.

तुला वाटेल, एकच तर आहे, टाकू मधे. पण त्या एकासाठी पुन्हा लेबल, पुन्हा कपाट, पुन्हा मोजणी, आणि मोजलेला ढीग हलला की चूक तिथेच होते. खरोखर कुणाला तातडीची गरज असेल, तर ते पार्सल या ढिगाबाहेर ठेव. पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने स्वतः पाठव आणि त्या फेरीचे पैसे सांगून घे. फक्त आपल्या पोस्टात बुकिंग किती वाजेपर्यंत घेतात आणि त्या दिवशीची बॅग कधी निघते, ते आधी खिडकीवर विचारून ठेव.

यादी झाली की सगळी लेबलं एकदम छाप. एक छापून एक बांधायचं, असं करू नकोस. दर वेळी फोन, संगणक, प्रिंटर असं फिरण्यात निम्मा वेळ जातो. साध्या प्रिंटरवर कागदावर छापत असशील तर लेबल पार्सलच्या सपाट बाजूवर लाव आणि त्यावर पारदर्शक टेप सुरकुती न पडू देता ओढ. बारकोड कडेवर दुमडला किंवा टेपची घडी त्यावर आली तर मशीन तो वाचत नाही. शाईच्या प्रिंटरचं लेबल पावसाळ्यात ओलं झालं की अक्षरं पसरतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर टेपशिवाय एकही पार्सल बाहेर जाऊ देऊ नकोस. पुढे थर्मल प्रिंटर घेतलास तर शाईचा प्रश्न मिटेल, पण ती लेबलं उन्हात किंवा गरम जागी ठेवली की काळवंडतात, म्हणून रोल कपाटात ठेव.

मग बांधणी. तुझ्याकडे सगळ्यात जास्त चूक होऊ शकते ती इथे, कारण मोरपंखी आणि बाटली हिरवा या दोन पर्स पिशवीत गेल्यावर सारख्याच दिसतात. आधी सगळी पार्सलं बांधायची आणि मग लेबलं लावायची, ही पद्धत सोडून दे. टेबलावर लेबलं ओळीने मांड. प्रत्येक लेबलावर त्याची पर्स ठेव. सगळ्या मांडून झाल्या की एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं वाचत जा: लेबलावर काय लिहिलंय, वर काय ठेवलंय. त्यानंतरच एकेक उचलून बांधायची आणि तिचं लेबल लगेच तिच्यावर लावायचं. पुढची पर्स तोवर उचलायची नाही. ज्यांनी दोन-तीन वस्तू मागवल्यात त्यांचं वेगळ्या ताटात ठेव आणि ते सगळ्यात आधी बांध, कारण त्यातली एखादी वस्तू बाहेर राहिली तर ती शेवटी टेबलावर उरलेली दिसते. टेबल रिकामं झालं म्हणजे बांधणी बरोबर झाली.

सहा मिनिटांची चार करायची असतील तर एक काम आदल्या रात्री उरकून ठेव. जेवणं झाल्यावर दहा-पंधरा पिशव्यांत कार्ड घालून ठेवायचं, बटर पेपर मापाने कापून ठेवायचे, टेपचं टोक मोकळं करून ठेवायचं. आणि पर्स शिवून झाल्या झाल्याच दोरे-चेन तपासून 'तयार' खणात ठेवायची, बांधताना नाही. एवढ्याने चौदा पार्सलं तासाभरात होतील. पुढे कधी ऑर्डरी पंचवीसवर गेल्या तरी शंभर मिनिटांत जमेल, म्हणजे आजच्या वेळापत्रकात दहाच मिनिटं वाढतील. त्याहून जास्त व्हायला लागल्या तर मग कटऑफ मागे घे किंवा दोन तासांसाठी कुणाला तरी हाताशी घे.

अडीच वाजता मोजणी. तुझ्याकडे दोन कुरिअरचे मुलगे येतात, म्हणून दोन पोती ठेव आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात कुरिअरचं नाव लिही. एकाचं पार्सल दुसऱ्याबरोबर गेलं तर ते फिरून यायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही. प्रत्येक पोत्यातली पार्सलं यादीशी ताडून बघ, आकडा लिही, आणि सगळी लेबलं वर करून एक फोटो काढ. फोटोत नंबर वाचता यायला हवेत. मॅनिफेस्ट, म्हणजे कुरिअरला द्यायच्या पार्सलांची यादी, दोन प्रतींत छाप.

मुलगा आला की नुसतं पोतं उचलून देऊ नकोस. त्याने तुझ्यासमोर प्रत्येक पार्सल स्कॅन करायला हवं. घाईत असला तर म्हणेल, "मॅडम, हबवर स्कॅन करतो." त्यावर गोड बोलून पण ठामपणे सांग, "दादा, चौदाच आहेत, इथेच करा, मी एकेक हातात देते." तू लेबल वर करून देत गेलीस तर दोन-तीन मिनिटांत होतं आणि तोही कुरकुरत नाही. स्कॅन झाला नाही तर यंत्रणेच्या लेखी ते पार्सल अजून तुझ्याच घरात आहे. वाटेत हरवलं तर तू दिलं होतंस, हे सांगायला काही पुरावा राहत नाही. शेवटी त्याच्या फोनवरचा आकडा आणि तुझ्या यादीचा आकडा जुळवायचा, तुझ्या प्रतीवर त्याची सही, तारीख आणि वेळ घ्यायची. ती प्रत महिनाभर तरी फाइलला राहू दे.

संध्याकाळी सातला आणखी पाच मिनिटं दे. ॲप उघडून बघ, चौदाच्या चौदा पार्सलांसमोर 'पिकअप झालं' असं आलंय का. एखादं आलं नसेल तर तक्रार त्याच संध्याकाळी टाक, फोटो आणि सही केलेल्या यादीसकट. तीन दिवसांनी तक्रार केलीस तर ते पार्सल तुझ्या दारात राहिलं की त्यांच्या गाडीत, हे ठरवणं अवघड होऊन बसतं. सगळं बरोबर असेल तर ग्राहकांना ट्रॅकिंग नंबर याच वेळी पाठव. लेबल छापल्या छापल्या पाठवू नकोस. नंबर मिळाला की लोक लगेच उघडून बघतात, तिथे काहीच हललेलं दिसत नाही आणि मग 'ताई, पाठवलं ना?' सुरू होतं.

आणि तो आलाच नाही तर? हेही व्हायचंच. शेवटची वेळ सहा असेल तर पाचपर्यंत वाट बघ, मग त्याला फोन कर. उचलला नाही तर ॲपवर तक्रार नोंदव. ही नोंद सहाच्या आत व्हायला हवी. कधीकधी मुलगा न येताच 'दुकान बंद होतं' असा शेरा मारून मोकळा होतो. तेव्हा तुझा पाचचा फोन, अडीचचा फोटो आणि पावणेसहाची तक्रार हेच तुझ्या बाजूने बोलतात. जवळच त्यांची शाखा किंवा पार्सल स्वीकारायचं केंद्र असेल, तर घरून उचलायची म्हणून ठरलेली पार्सलं तिथे घेतात का आणि किती वाजेपर्यंत, ते आजच विचारून वहीत लिही. नाहीतर पोतं तसंच बांधून ठेव, उद्या सगळ्यात आधी तेच द्यायचं. घाबरून ऑर्डर रद्द करून नवीन लेबलं काढू नकोस. एका पार्सलाचे दोन नंबर झाले की पुढचा सगळा माग चुकतो. ज्यांची पार्सलं राहिली त्यांना मात्र रात्रीच कळव: 'आज कुरिअरची गाडी आली नाही, तुमचं पार्सल बांधून तयार आहे, उद्या निघेल.' खरं ते वेळेत कळलं की बहुतेक लोक समजून घेतात.

आता सोमवार. आपल्याकडे रविवारी पिकअप नाही, त्यामुळे शनिवारी अकरानंतर ते सोमवारी अकरापर्यंत आलेलं सगळं एकाच दुपारी अंगावर येतं. नेहमीच्या चौदाची तीस होतात आणि तुझी सगळी बेरीज मोडते. त्यासाठी सोमवारच्या दोन याद्या कर. रविवारी संध्याकाळी सातला पहिली रेघ मार आणि तोवरची पार्सलं रात्री बांधून, मोजून पोत्यात टाक. सोमवारी अकराला दुसरी रेघ, तिची मोजणी वेगळी. रविवारची सुट्टी थोडी जाते हे मला कळतं, पण सोमवारी दुपारी तीस पार्सलांशी झुंजण्यापेक्षा रविवारचा दीड तास बरा.

सणांचंही असंच. राखी आणि दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढतात आणि कुरिअरची गोदामंही तुंबतात, त्यामुळे अकराचा कटऑफ पाळूनही पोचायला उशीर होतो. अशा वेळी दोन तारखा आधीच जाहीर कर: महाराष्ट्रात सणाआधी हवं असेल तर अमुक तारखेपर्यंत, बाहेरच्या राज्यात हवं असेल तर त्याच्या चार-पाच दिवस आधी. या तारखा मागच्या दोन-तीन महिन्यांत तुझी पार्सलं कुठे किती दिवसांत पोचली, ते बघून ठरव. गावी जाणार असशील तर मार्केटप्लेसवर सुट्टी निघायच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधीच लावून ठेव. सुट्टी लावल्यावर नव्या ऑर्डरी थांबतात, पण आधी आलेल्या तुलाच द्यायच्या असतात.

हे सगळं एका दिवसात अंगवळणी पडणार नाही, आणि एकदम सुरूही करू नकोस. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी लिही: मुलगा किती वाजता आला आणि एका पार्सलाला किती मिनिटं लागली. पुढच्या सोमवारपासून अकराची रेघ मार आणि ग्राहकांना ती दोन वाक्यं पाठव. पहिले चार दिवस लोक विचारतील, "ताई, आज नाही का जमणार?" तू 'उद्या पहिल्या फेरीत' एवढंच सांग आणि उद्या खरोखर दे. महिनाभराने वही उघडून बघ. बांधलेली पार्सलं रोज दोनच्या आतच पोत्यात पडत असतील तर कटऑफ साडेअकरा कर. अडीचला अजून टेप हातात असेल तर साडेदहा. आणि सहीची पहिली यादी हातात आली की मला फोटो पाठव, आकडे जुळतात का ते मीही बघते.